स्वतःच्या लग्नाला हरकत

शंका काढण्याचा मला पगार मिळतो. मी लेखापरीक्षक आहे. पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, दूध संस्था, म्हणजे जिथं जिथं माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून पैसे एकत्र करतात, तिथं वर्षअखेर मला पाठवलं जातं आणि हा विश्वास नेमका कोणत्या व्हाउचरवर ठेवला आहे, असं मी विचारतो. व्हाउचर नसेल तर आक्षेप लिहितो. खुर्च्या घेतल्या असतील तर खुर्च्या मोजतो. एका सोसायटीत एक खुर्ची कमी भरली. मी स्वतः तिच्यावर बसून मोजत होतो, हे नंतर चेअरमननी नम्रपणे लक्षात आणून दिलं. पण तोवर आक्षेप लिहून झाला होता, आणि लिहिलेला आक्षेप मी सहसा खोडत नाही.

असा माणूस बोहल्यावर चढायला निघाला की काय होतं, ते आमच्या घरच्यांनी आधी ओळखायला हवं होतं. मुलगी बँकेत अधिकारी. ओळख जुनी, पसंती दोन्हीकडून, घरच्यांचा विरोध नाही, पत्रिकेचा आग्रह नाही, देण्याघेण्याचा प्रश्न नाही. तिच्यात काही खोट सापडत नव्हती, आणि मला पहिला संशय आला तो तिथंच. ज्या वहीत एकही खाडाखोड नसते ती आम्ही दोनदा पाहतो.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. त्यामागं समाजसुधारणा वगैरे काही नव्हती, दोघांनाही हॉलचे दर कळले होते, एवढंच. पण या निर्णयानं माझा घात केला. वैदिक पद्धतीत माणसाला घाबरायला सवड मिळत नाही. गुरुजी, मामा, हळद, करवल्या, आचारी असा लोंढा त्याला मांडवापर्यंत वाहून नेतो. १९५४चा विशेष विवाह कायदा मात्र वेगळा विचार करतो. आधी विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. मग तीस दिवस थांबायचं. या तीस दिवसांत कुणाही माणसाला त्या लग्नाला हरकत घेता येते. ती आली नाही तर त्यानंतर लग्न लावायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत ते उरकलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे धीट माणसासाठी तीस दिवस, आणि भित्र्यासाठी वर आणखी दोन महिने. मी कागद भरतानाच हा हिशोब करून ठेवला होता.

तिचं कायमचं घर साताऱ्याला, त्यामुळं नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही गेली आणि तिथल्या फलकावर लागली. तिच्या मामांनी त्या नोटिशीसमोर उभं राहून सेल्फी काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्यात मामा पूर्ण दिसत होते, माझं नाव अर्धं.

आणि मग रात्री सुरू झालं. माझं हिच्यावर खरंच प्रेम आहे का?

प्रश्न साधा आहे, पण तपासायला बसल्यावर त्याचा पुरावा काय धरायचा, तेच कळेना. मी तिचा फोटो काढून बघायचो आणि छातीत काही होतंय का याकडं लक्ष द्यायचो. कधी व्हायचं, पण त्या दिवशी आत्याकडं वांग्याची भाजी झालेली असायची. कधी काहीच व्हायचं नाही, आणि मग घाम फुटायचा. तिचा फोन आला की आनंद झाला का, हे पाहण्यात मी इतका गुंतून जायचो की ती काय बोलली ते ऐकायचं राहून जायचं. एकदा तिनं विचारलं, ‘‘ऐकतोयस ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो, बघू.’’ तिनं काय विचारलं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं कळलं, आणि तेही चारचौघांत.

मग मी लोकांना विचारत सुटलो. आईला विचारलं, आमचं जमेल ना? ती म्हणाली, जमेल रे. लिफ्टपर्यंत बरं वाटलं. लिफ्टमध्ये वाटलं, आई असं म्हणणारच, ती हितसंबंधी पक्ष आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांना असं होतं. हे थोडं जास्त टिकलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. शेवटी शाळेतला एक मित्र मनोविकारतज्ज्ञ आहे, त्याला गाठलं. तो म्हणाला, ‘‘तू जे करतोयस त्याचं चक्र ठरलेलं असतं. शंका येते, तू तपासतोस किंवा कुणाला तरी विचारतोस, घटकाभर हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यावरून तुझा मेंदू एवढंच शिकतो की शंका महत्त्वाची होती, बरं झालं तपासलं. म्हणून तो ती पुन्हा पाठवतो. काहींचं हे इतकं वाढतं की तो सरळ मंत्रचळ होतो, हात धुण्याऐवजी नातं धूत बसतात. त्यावर उपचार आहेत, आणि त्यात न तपासता, न विचारता राहायचा सराव करून घेतात.’’

मी विचारलं, ‘‘म्हणजे माझं तेवढं वाढलेलं नाही ना?’’

तो म्हणाला, ‘‘हे बघ, हेच विचारायचं नाही,’’ आणि चहा मागवला. उत्तर त्यानं दिलं नाही ते नाहीच. पैसेही घेतले नाहीत, त्यामुळं तक्रार कुठं करावी हेही कळेना.

त्यात केळवणं सुरू झाली. केळवण हा प्रकार ज्यानं काढला त्याला नवरामुलगा पळू शकतो ही जाणीव असावी. रोज एका घरी बोलावून श्रीखंड-पुरी, बासुंदी, मसालेभात असं भरवलं की मुहूर्तापर्यंत माणूस पळण्याच्या स्थितीत राहत नाही. मी मात्र पाटावर बसल्या बसल्या तपासणी चालू ठेवली. प्रत्येक घरातल्या जोडप्याला एकच प्रश्न विचारायचा, तुम्हाला लग्नाआधी शंका आली होती का? बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. थोरल्या काकांनी काकू जिलब्या आणायला आत जाईपर्यंत वाट पाहिली, मग माझ्याकडं वाकून म्हणाले, ‘‘मला काही आली नव्हती बुवा.’’ त्यावर आतून आवाज आला, ‘‘मला आली होती. अजून आहे.’’ काकू जिलब्या घेऊन आल्या आणि काकांना एक जास्त वाढली. हा पुरावा कोणत्या बाजूनं धरायचा, ते मला ठरवता आलं नाही. माझ्या मामांनी समर्थ रामदासांचं नाव काढलं. जांबेचा तो बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकताच मांडवातून पळाला असं सांगतात. मामा म्हणाले, ‘‘तुला तीही सोय नाही. रजिस्टर लग्नात मंगलाष्टका नसतात, तुला सावध कोण करणार?’’

सावध करायला शेवटी शास्त्र धावून आलं. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधताना मला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१२चा एक अभ्यास सापडला. लॅव्हनर, कार्नी आणि ब्रॅडबरी ही त्यांची नावं. माझ्याच प्रश्नावर काम करणारे तीन जण जगात आहेत या कल्पनेनंच मी उठून बसलो. त्यांनी २३२ नवविवाहित जोडपी घेतली, नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, लग्न करावं की नाही याबद्दल कधी खात्री वाटेनाशी झाली होती का, आणि मग चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ४७ टक्के नवरे ‘हो’ म्हणाले आणि ३८ टक्के बायका. जवळपास निम्मे नवरे आपल्याच पंगतीतले, हे वाचून मला तर झोपच येऊ लागली होती.

पण लेखापरीक्षक शेवटचं पान वाचल्याशिवाय सही करत नाही. ज्या बायकांना लग्नाआधी शंका आली होती त्यांच्यातल्या १९ टक्के चार वर्षांत घटस्फोटापर्यंत पोचल्या, ज्यांना आली नव्हती त्यांच्यातल्या फक्त ८ टक्के. नवऱ्यांचे आकडे होते १४ आणि ९. फरक दिसतो खरा, पण संशोधकांनी बाकीच्या गोष्टी जमेस धरून पाहिलं तेव्हा पुरुषांच्या शंकेवरून घटस्फोटाचा काही भरवशाचा अंदाज बांधता येईना. बायकांच्या शंकेवरून बांधता येत होता. तिच्या आईवडिलांचा घटस्फोट, तिचा स्वभाव, आधीचं एकत्र राहणं, सगळं वजा केलं तरी ती शंका शिल्लक राहत होती.

मी इतके दिवस जी शंका जिवापाड सांभाळली, रात्र-रात्र जागून मोठी केली, तिला शास्त्रानं कवडीची किंमत दिली नव्हती. अपमान वाटला. मी लगेच अभ्यासातल्या त्रुटी काढायला घेतल्या. प्रश्न लग्न झाल्यावर विचारला होता, त्यामुळं ज्यांनी शंकेपायी लग्नच मोडलं ते यादीत नाहीत. सगळी जोडपी अमेरिकेतली, तिथं केळवणं होत नाहीत. पहाटे चारपर्यंत मी असे सात मुद्दे काढले. अभ्यासातली सर्वांत उघड गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. किमतीची शंका जर बायकोचीच असते, तर हिला काही शंका आहे का, हे जाऊन विचारावं. तसं करण्याऐवजी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेलो.

तीस दिवस संपायला थोडेच उरले होते. आपल्या लग्नाला कुणी हरकत घेतली आहे का, ते बघावं, आणि घेतली असेल तर निदान काय म्हणतो ते वाचावं, असा माझा सरळ हेतू होता. फलकावर आमची नोटीस होती, फोटोतला मी चोरीच्या संशयावरून धरल्यासारखा. कुणी काही हरकत घेतली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात एकालाही काही वाटलं नाही?

खिडकीशी एक लिपिक बाई होत्या. मी विचारलं, नोटिशींचं रजिस्टर बघता येईल का? त्या म्हणाल्या, कुणालाही बघता येतं, फी नाही. (हे कायद्यातच आहे. मला इतकं खुलं रजिस्टर एकाही पतसंस्थेत मिळालेलं नाही.) मी पान उलटलं, आणि मग तोंडातून गेलं, ‘‘बाई, हरकत कुणीही घेऊ शकतं ना? म्हणजे... स्वतः नवरामुलगासुद्धा?’’

बाईंनी चष्मा वर केला. त्या हसल्या असत्या तर मी निसटलो असतो. पण त्यांनी कायद्याची पुस्तिका काढली. ‘‘कुणीही घेऊ शकतं. पण कारण कलम चारमधलं लागतं. तुमचं कुठलं?’’

कलम चार आम्ही दोघांनी मिळून वाचलं. पहिली अट, दोघांपैकी कुणाचाही लग्नाचा जोडीदार हयात नसावा. नव्हता. वय, मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा. ते केव्हाच उलटून गेलं होतं. निषिद्ध नातं नसावं. परिशिष्टात अशा नात्यांची यादी आहे, पुरुषासाठी ३७ नाती. ती आईपासून सुरू होते आणि सदतिसाव्या क्रमांकावर मामाच्या मुलीपाशी संपते. हे वाचून बाई म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क. रूढी असेल तर कायदा तेवढी सूट देतो.’’ मी आशेनं वंशावळ आठवली. ती साताऱ्याची, आम्ही वाईचे, कुठंतरी धागा असेल. सापडला नाही. शिवाय माझ्या मामांना दोन्ही मुलगेच.

उरली मनाची अट. संमती देण्याइतकं मन ठिकाणावर हवं. मी तिथं बोट ठेवलं. बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं, रजेचा अर्ज खिशात, हातात कागद-पेन, सात मुद्द्यांचं टिपण. त्या म्हणाल्या, ‘‘नाही हो. इतका हिशोबी माणूस त्यात बसत नाही.’’ मग पुस्तिकेचं पान उलटून, केवळ माहितीसाठी, पुढचंही सांगितलं. हरकत आली तर साहेब ती वहीत नोंदवून घेतात, वाचून दाखवतात, हरकत घेणाऱ्याची सही घेतात आणि तीस दिवसांत चौकशी करून निर्णय देतात. आणि हरकत गैरवाजवी असून चांगल्या हेतूनं घेतलेली नाही असं दिसलं, तर एक हजार रुपयांपर्यंत भरपाई लावू शकतात.

‘‘ती सरकारजमा होते का?’’ हा प्रश्न व्यवसायाच्या सवयीनं आला.

‘‘नाही. ज्यांचं लग्न असतं त्यांना देता येते.’’

मी हिशोब केला. हजार रुपये मी भरणार, आणि ते मला आणि तिला मिळणार. माझा निव्वळ तोटा पाचशे. असा दंड मी आजवर कोणत्याही संस्थेच्या पुस्तकात पाहिलेला नाही. मी कौतुकानं ते कलम उतरवून घेत होतो, तेवढ्यात बाईंनी अर्जावरचा नंबर बघून फोन लावला. ‘‘मॅडम, तुमचे होणारे मिस्टर इथं आलेत. नाही, बरे आहेत. हरकतीची चौकशी करतायत. हो, स्वतःच्याच.’’

तिची बँक तिथून जवळच आहे, हे मला माहीत होतं. इतकी जवळ आहे हे माहीत नव्हतं. ती आली तेव्हा माझा कलम नऊचा शेवटचा शब्द लिहायचा होता.

मला वाटलं आता रडारड होईल, किंवा अंगठी परत. ती बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘कलम चारमधलं कुठलं?’’

‘‘एकही बसत नाही.’’

‘‘मग माझ्या बघूया बसतात का. दोन आहेत.’’

एवढ्यात खिडकीपाशी रांग लागली होती आणि रांगेतली मंडळी उघडपणे आमच्याकडं कान लावून उभी होती. आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. रांगेतले दोघे आमच्या मागोमाग चहा प्यायला आले.

‘‘पहिली,’’ ती म्हणाली. ‘‘बढतीबरोबर माझी बदली होणार. नागपूर किंवा नांदेड. तेव्हा तू काय करणार, असं मी फोनवर विचारलं. तू म्हणालास, ‘हो, बघू.’ पुन्हा विचारलं, पुन्हा ‘बघू.’ मी बढती नाकारावी असं तुला वाटतं का, हे मला कळलेलं नाही. आणि अर्ज करायची मुदत लग्नानंतर दहा दिवसांत संपते.’’

मी ज्या फोनवर स्वतःच्या आनंदाची मोजदाद करत होतो, तो हाच होता.

‘‘दुसरी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तुझी आई आणि आत्या जेवणाच्या बेतावरून भांडल्या. आत्या रडली. तू बाथरूममध्ये गेलास आणि सगळं मिटेपर्यंत बाहेर आला नाहीस. मला त्या घरात राहायचंय. माझं आणि आईंचं कधीतरी वाजणार. तेव्हाही तू बाथरूममध्ये असणार का, एवढं मला आधी कळलं पाहिजे.’’

तिची शंका माझ्यासारखी छातीत काय होतंय असली नव्हती. तिच्यात गावांची नावं होती, तारीख होती, बाथरूम होतं. मी सांगितलं, मला विचार करायला जरा वेळ हवा, घरी जाऊन तक्ता करतो, एका बाजूला... ती म्हणाली, ‘‘तक्ता नको. इथंच.’’

मग इथंच बोललो. माझं काम फिरतीचं आहे, विदर्भातल्या संस्था मागून घेता येतात, पण कार्यालय कायमचं हलवता येणार नाही. म्हणजे तिनं बढती घ्यायची, पहिली दोन वर्षं मी महिन्यातले निम्मे दिवस तिकडं राहायचं, आणि तोवर आई इथं एकटी राहील हे मी, तिनं नाही, आईला सांगायचं. लग्नाच्या आधी सांगायचं, म्हणजे या रविवारी. ‘‘बाथरूमचं काय?’’ तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. बाबा गेल्यापासून घरात आवाज चढला की माझ्या पोटात गोळा येतो आणि मला तिथं थांबता येत नाही, त्यामुळं वचन काही देता येणार नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘वचन नको. कडी लावू नकोस, म्हणजे मला आत येता येईल.’’ मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, ‘‘हे बरोबर आहे.’’

तिच्या दोन्ही शंका पूर्ण मिटल्या असं नाही. पहिलीवर ती रविवारनंतर बोलणार होती. नांदेड झालं तर निम्मे दिवस तिकडं, हे गणित मला अजून जमलेलं नाही, गाड्यांच्या वेळा पाहाव्या लागतील. माझ्या शंकेबद्दल तिनं विचारलंच नाही. मीच सांगायला गेलो, की मला तुझ्याबद्दल जे वाटतं ते नेमकं... ती म्हणाली, ‘‘ते तू रात्री तपास. आत्ता मला बँकेत परत जायचंय.’’

कार्यालयातून बाई बाहेर डोकावल्या. ‘‘नोंदवायची आहे का काही? नाहीतर वही आत ठेवते. आणि साक्षीदार तीन लागतात, दोघांना आणून परत जाऊ नका.’’ आम्ही दोघांनी एकदम मान हलवली. टपरीवरच्या एकानं तिसरा साक्षीदार व्हायची तयारी दाखवली, त्याला आम्ही नम्रपणे नाही म्हटलं.

चहाचे पैसे मी देऊ लागलो तर तिनं थांबवलं. ते तिनं दिले. मग मोबाइलवर स्वतःचा क्यूआर काढून माझ्यापुढं धरला. ‘‘चहा माझ्याकडून. हरकत चांगल्या हेतूनं नव्हती, त्याचे पाचशे. माझा वाटा.’’

‘‘पण ती नोंदलीच नाही!’’

‘‘चौकशी झाली ना?’’

मी स्कॅन केलं. रक्कम टाकली. शेऱ्याचा रकाना आला. आमच्या व्यवसायात हा रकाना मोकळा सोडायचा नसतो, म्हणून तिलाच विचारलं, काय लिहू?

‘‘‘बघू’ सोडून काहीही लिही,’’ ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.